२४९ की २९९? दोन किमतींची चाचणी आणि मोजक्या ऑर्डरींचा चकवा

साताऱ्याची माझी मावशी गोडा मसाला विकते. पाव किलोचं पाकीट, स्वतःचं छोटंसं ऑनलाइन दुकान, पैसे आधी यूपीआयने आणि पार्सल कुरिअरने. दगडफूल आणि खोबरं महागल्यावर तिने मला विचारलं, "अगं, २४९ चं पाकीट २९९ ला करू का? गिऱ्हाईक तुटेल का?"

हा प्रश्न घरून विकणाऱ्या प्रत्येकाला पडतो आणि बहुतेक जण तो अंदाजाने सोडवतात. आम्ही चाचणी करून बघितली. त्यातून जे कळलं ते मांडते, आणि जे कळलंय असं वाटलं पण प्रत्यक्षात कळलं नव्हतं तेही मांडते. लहान दुकानात फसायला होतं ते या दुसऱ्या भागातच.

आधी एका पाकिटाचा हिशेब. मावशी वहीत मसाल्याचा खर्च लिहायची, बाकीचं "किरकोळ" म्हणून सोडून द्यायची. आम्ही सगळं एका ओळीत आणलं. मसाला ९० रुपये, पाउच आणि खोका १४, कुरिअर ५२. पेमेंट गेटवे २ टक्के कापतो आणि त्या कापलेल्या रकमेवर १८ टक्के जीएसटी लागतो, म्हणजे २४९ च्या पाकिटावर साधारण ६ रुपये. मसाल्यावरचा ५ टक्के जीएसटी किमतीतच धरलेला, तो १२ रुपये. बेरीज १७४, हातात राहतात ७५. आता २९९ घ्या. मसाला, खोका, कुरिअर तेवढंच, गेटवे ७, कर १४. बेरीज १७७, हातात १२२.

किंमत वाढली २० टक्के, पण पाकिटामागचा नफा वाढला ६० टक्क्यांहून जास्त, कारण वरचे पन्नास रुपये जवळजवळ सगळे नफ्यातच जातात. मग चाचणी सुरू करण्याआधीच एक आकडा काढता येतो. ७५ ला १२२ ने भागलं की ०.६१५ येतं. म्हणजे २४९ ला जिथे १०० पाकिटं जातात, तिथे २९९ ला ६२ गेली तरी मावशीच्या हातात तेवढेच पैसे पडतात. ३८ गिऱ्हाइकं गेली तरी ती बरोबरीत. उलट बाजूने बघितलं तर २९९ वरून २४९ वर उतरायचं असेल तेव्हा विक्री ६३ टक्क्यांनी वाढायला हवी, तेव्हा कुठे बरोबरी होईल. सेल लावताना हे कुणी मोजत नाही याचं मला खरंच वाईट वाटतं. कष्ट दीडपट होतात आणि पैसे तेवढेच राहतात.

म्हणून "२९९ ला विक्री कमी होईल का" हा प्रश्नच चुकीचा आहे. कमी होणारच. ती ६२ च्या खाली जाते की वर राहते, एवढंच शोधायचं असतं.

आता चाचणी कशी लावायची. सगळ्यात शुद्ध पद्धत म्हणजे पान उघडणाऱ्यांपैकी निम्म्यांना २४९ आणि निम्म्यांना २९९ दाखवायचे, चिठ्ठ्या टाकल्यासारखे, एकाच वेळी. त्यासाठी ॲप मिळतात. पण किमतीच्या बाबतीत ही पद्धत मला पटत नाही. सप्टेंबर २००० मध्ये ॲमेझॉनने डीव्हीडींवर असंच केलं होतं. वेगवेगळ्या लोकांना वेगवेगळी सूट दिसत होती. गिऱ्हाइकांनी आपापसात किमती ताडून पाहिल्या आणि मोठा गहजब झाला. जेफ बेझोस यांना ही चूक होती असं म्हणावं लागलं आणि कंपनीने ६,८९६ ग्राहकांना सरासरी ३ डॉलर १० सेंट परत केले. मावशीचं गिऱ्हाईक तर एकाच सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर असतं. शेजारणीला पन्नास रुपये स्वस्त मिळालं हे संध्याकाळपर्यंत कळेल. शिवाय आपल्याकडच्या ई-कॉमर्स ग्राहक संरक्षण नियमांत, जे २०२० साली आले, एकाच वर्गातल्या ग्राहकांमध्ये भेदभाव करू नये असं स्पष्ट म्हटलं आहे.

त्यामुळे आम्ही किंमत माणसागणिक न बदलता आठवड्यागणिक बदलली. त्या आठवड्यात येणाऱ्या प्रत्येकाला एकच किंमत. क्रमही मुद्दाम ठरवला: पहिला आठवडा २४९, दुसरा आणि तिसरा २९९, चौथा पुन्हा २४९. एक सोडून एक असं का नाही? समजा महिनाभर दुकानाची विक्री आपोआप हळूहळू वाढत असेल. मग २४९, २९९, २४९, २९९ अशा क्रमात २९९ ला दोन्ही वेळा नंतरचा, म्हणजे वाढलेला आठवडा मिळतो आणि त्याचं श्रेय किमतीला जातं. कडेचे दोन आठवडे एकीला आणि मधले दोन दुसरीला दिले की ही चढण दोघींना सारखी वाटली जाते. आठ आठवडे करायचे असतील तर पुढच्या चारांत किमतींची अदलाबदल करायची: २९९, २४९, २४९, २९९.

आठवडा पूर्ण घ्यायचा, सोमवार ते रविवार. रविवारी फोन हातात घेऊन निवांत खरेदी करणारे वेगळे आणि मंगळवारी दुपारी घाईत मागवणारे वेगळे. चार दिवस एका किमतीला आणि तीन दिवस दुसरीला दिलेत तर रविवार कुणाच्या वाट्याला आला यावरच निकाल लागेल. महिना आम्ही जूनच्या मध्यापासून धरला. मार्च ते मे म्हणजे घरोघरी वर्षाचे मसाले करायचे दिवस, आणि गणपतीपासून दिवाळीपर्यंत मागणीचं गणितच वेगळं. मधला शांत काळ चाचणीला बरा.

एक काम मात्र सुरुवातीलाच करावं लागलं, ते म्हणजे पाकिटावरची छापील किंमत. एमआरपीपेक्षा एक रुपयाही जास्त घेता येत नाही, आणि एकाच पाकिटावर दोन वेगवेगळ्या एमआरपी छापण्याच्या भानगडीत पडू नये. म्हणून सगळ्या पाकिटांवर एकच एमआरपी छापली, ३२०. ती पानावर तपशिलात द्यावीच लागते. पण किमतीच्या शेजारी ३२० वर काट मारून "२२% सूट" असं झळकवणं आम्ही दोन्ही किमतींना बंद केलं. तसं ठेवलं असतं तर २४९ ला मोठी सूट दिसली असती आणि २९९ ला किरकोळ. मग लोक किमतीला भुलले की सुटीच्या पाटीला, हे कधीच कळलं नसतं.

अशीच एक अडचण मोफत डिलिव्हरीची. बऱ्याच दुकानांत ५०० च्या वर डिलिव्हरी फुकट असते. २४९ ची दोन पाकिटं ४९८ ची होतात, दोन रुपयांनी हुकतं. २९९ ची दोन ५९८ ची, सहज बसतं. अशा दुकानात ही चाचणी लावलीत तर तुम्ही मसाल्याची किंमत तपासत नसून त्या ५०० च्या रेषेला तपासत असाल. मावशीकडे कुरिअर किमतीतच धरलेलं असल्याने हा प्रश्न आला नाही. तुमच्याकडे तो असेल तर आधी ती रेषा हलवा.

चार आठवडे जाहिरातीवरचा खर्च तोच ठेवला, फोटो तोच, वर्णन तेच. कुणी "काल २४९ होतं, आज २९९ कसं?" असा मेसेज केला तर तिला २४९ लाच द्यायचं आणि ऑर्डर २४९ च्या बाजूला मांडायची, असं आधीच ठरवलं.

पहिला आठवडा संपला. पान उघडणारे साधारण ४२०, ऑर्डरी ९. दुसऱ्या आठवड्यात, २९९ ला, व्हिजिटर तेवढेच आणि ऑर्डरी १२. मावशीचा लगेच फोन. "बघ, महाग म्हटलं की लोकांना चांगलं वाटतं. आता कशाला पुढचे दोन आठवडे? ठेवून टाकते २९९."

मी तिला एक रुपयाचं नाणं घ्यायला सांगितलं. ९ आणि १२ मिळून २१ ऑर्डरी. नाणं २१ वेळा उडव, छापा म्हणजे २४९ आणि काटा म्हणजे २९९. नाण्याला किमतीशी काही देणंघेणं नाही, तरी १२ विरुद्ध ९ किंवा त्याहून जास्त तफावत किती वेळा येते? हिशेब केला तर १०० पैकी ६६ वेळा. म्हणजे तीनात दोनदा. जे दृश्य काहीही फरक नसताना तीनात दोनदा दिसतं, त्यावरून फरक आहे असं कसं म्हणायचं?

तिसऱ्या आठवड्यात, त्याच २९९ ला, ऑर्डरी आल्या ५. पान तेच, किंमत तीच, बघणारे जवळजवळ तेवढेच, आणि १२ च्या जागी ५. मावशीचा जीव खालीवर झाला. लोकांना महाग वाटायला लागलं, असं ती म्हणू लागली. खरं तर दोन्ही आठवड्यांत सांगण्यासारखं फारसं काही घडलं नव्हतं. १७ वेळा उडवलेलं नाणंही सातात एकदा इतकी किंवा याहून जास्त तफावत दाखवतं. चौथ्या आठवड्यात २४९ ला १५ आल्या.

एकूण २४९ ला २४ ऑर्डरी, २९९ ला १७. दोन्हीकडे व्हिजिटर ८४०.

आता हेच आकडे तीन प्रकारे वाचता येतात. किती लोकांनी घेतलं हे बघितलं तर २४९ जिंकलं, १०० पैकी २.९ जणांनी घेतलं आणि २९९ ला दोघांनी. गल्ला बघितला तरी २४९ जिंकलं, ५,९७६ रुपये विरुद्ध ५,०८३. आणि नफा बघितला तर २४ गुणिले ७५ म्हणजे १,८००, १७ गुणिले १२२ म्हणजे २,०७४. तिथे २९९ पुढे, २७४ रुपयांनी. दुकानाच्या ॲपवर पहिले दोन आकडे मोठ्या अक्षरांत दिसतात. तिसरा स्वतःच काढावा लागतो, आणि घर चालतं ते तिसऱ्यावर.

तर २९९ जिंकलं म्हणायचं का? इथे खरी मेख आहे.

मोजक्या घटनांची मोजणी कशी हेलकावते याचा एक सोपा ठोकताळा आहे. जी संख्या आली तिचं वर्गमूळ घ्यायचं, तेवढा तिचा स्वाभाविक हेलकावा. २४ चं वर्गमूळ सुमारे ५. म्हणजे मावशीने हाच महिना, याच किमतीला, पुन्हा पुन्हा जगायचा ठरवला तर २४ च्या जागी कधी १९, कधी २९ येतील. दोन हेलकावे धरले तर १४ पासून ३४ पर्यंत काहीही आलं तरी नवल वाटायला नको. १७ चा हेलकावा ४ च्या जरा वर.

हे रुपयांत मांडू. २४९ कडे एक ऑर्डर ७५ ची, हेलकावा ४.९ ऑर्डरींचा, म्हणजे ३६७ रुपये. २९९ कडे एक ऑर्डर १२२ ची, हेलकावा ४.१ चा, म्हणजे ५०३ रुपये. दोन्हींच्या फरकाचा हेलकावा काढायला दोघांचे वर्ग घेऊन बेरीज करायची आणि वर्गमूळ काढायचं. शीटमध्ये एका ओळीत होतं:

```
=SQRT(24*75^2 + 17*122^2)
```

उत्तर ६२३. आपल्याला दिसलेला फरक २७४ रुपयांचा, आणि निव्वळ नशिबाने होणारा हेलकावा ६२३ चा. समुद्राची लाट कमरेएवढी असताना पाणी वीतभर वाढलं का हे काठीने मोजल्यासारखं हे आहे. दोन्ही बाजूंना दोन-दोन हेलकावे धरले तर खरा फरक उणे ९७२ पासून अधिक १,५२० पर्यंत कुठेही असू शकतो. २९९ मध्ये चांगला फायदा असेल, किंवा बऱ्यापैकी तोटाही असेल. चार आठवड्यांच्या चाचणीने दिलेलं प्रामाणिक उत्तर एवढंच.

आणि हाही हिशेब जरा उदारच आहे. त्यात प्रत्येक ऑर्डर स्वतंत्र धरली आहे. प्रत्यक्षात आठवडे एकमेकांसारखे नसतात. पाऊस धो-धो पडतो आणि कुरिअर अडकतं, कुणीतरी रीलमध्ये मसाला दाखवतं. मग हेलकावा ६२३ पेक्षा मोठाच होतो.

मावशीचा पुढचा प्रश्न साहजिक होता. किती दिवस केलं तर नक्की कळेल? दिवस वाढवले की फरक दिवसांच्या प्रमाणात वाढतो, पण हेलकावा वर्गमुळाच्या प्रमाणात. चौपट दिवसांत फरक चौपट, हेलकावा दुप्पट. आत्ता फरक हेलकाव्याच्या निम्म्याहूनही कमी आहे, तो हेलकाव्याच्या दुप्पट व्हायला हवा. त्यासाठी ही चाचणी सुमारे २० पट लांबवावी लागेल, म्हणजे दीड वर्षाहून जास्त. दीड वर्षात खोबऱ्याचा भाव बदलेल, कुरिअरचे दर बदलतील, शेजारी आणखी दोघी मसाला विकायला लागतील. ज्या प्रश्नाचं उत्तर शोधत होतो तो प्रश्नच उरणार नाही.

म्हणून दिवसाला एक-दोन ऑर्डरी असणाऱ्या दुकानाने छोट्या अंतराची चाचणी करूच नये असं माझं मत आहे. २४९ आणि २५९ घ्या. २५९ ला नफा ८५ च्या आसपास, बरोबरीची रेषा १०० पैकी ८८ वर. विक्री बारा टक्क्यांनी घसरली का हे खात्रीने ओळखायला प्रत्येक किमतीला हजाराच्या घरात ऑर्डरी लागतात. मावशीला त्याला काही वर्षं लागतील. अंतर मोठं ठेवलं, २४९ ला ३४९, तर खरा फरकही सहसा मोठा पडतो, फायद्याचा असो की तोट्याचा, आणि मोठा फरक थोड्या ऑर्डरींतही डोळ्यांना दिसतो.

आणखी एक मोह आवरावा लागतो, रोज डोकावण्याचा. बघणं वाईट नाही, पण "पुढे दिसली की थांबायचं" असं केलं की चाचणी खोटी ठरते. किमतींमध्ये काहीच फरक नसताना १०० पैकी ५ वेळाच चुकून "फरक आहे" म्हणेल अशी कसोटी लावली, आणि चाचणी चालू असताना ती सारख्या अंतराने दहा वेळा लावून पहिल्या होकाराला थांबलो, तर ती १०० पैकी सुमारे १९ वेळा चुकते. दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी मावशी थांबली असती तर नेमकं हेच झालं असतं. म्हणून किती आठवडे हे आधी लिहून ठेवायचं आणि निकाल शेवटच्या रविवारी रात्रीच काढायचा.

मोठ्या ऑर्डरींचंही असंच आधी ठरवा. आमच्या तिसऱ्या आठवड्यात पुण्याच्या एका भिशीच्या ग्रुपने १० पाकिटं एकदम मागवली. कुरिअर एकदाच लागलं, त्यामुळे त्या एका ऑर्डरीचा नफा दीड हजाराच्या आसपास गेला. ती मोजली असती तर २९९ चा विजय २७४ वरून एकदम पावणेदोन हजारांवर पोचला असता, एका ग्रुपच्या एका संध्याकाळच्या जोरावर. चारपेक्षा जास्त पाकिटांची ऑर्डर वेगळ्या पानावर लिहायची असं सुरुवातीलाच ठरलं होतं, म्हणून वाचलो. वरच्या १७ मध्ये ती धरलेली नाही. नंतर, आकडे बघून ठरवायला बसलो असतो तर मन आपल्याला हव्या त्या बाजूलाच झुकलं असतं.

ज्यांच्याकडे कॅश ऑन डिलिव्हरी आहे त्यांनी तर ऑर्डर आली म्हणजे विक्री झाली असं धरूच नये. दारात नाकारलेलं पार्सल जाण्या-येण्याचं कुरिअर खातं, इथल्या दराने १०० रुपयांवर, म्हणजे २४९ च्या एका पाकिटाच्या नफ्याहून जास्त. महाग किमतीला नाकारण्याचं प्रमाण वाढतं का, हे चाचणीतच दिसायला हवं. त्यासाठी शेवटच्या आठवड्यानंतर पार्सलं पोचायला किंवा परत यायला पंधरा दिवस थांबून मगच हिशेब करावा. आणि मोठ्या बाजारपेठेच्या साइटवर विकत असाल तर किंमत बदलली की शोधातली तुमची जागाही बदलते, पान उघडणारेच कमीजास्त होतात. तिथे व्हिजिटरमागे नफा मोजून उपयोग नाही, आठवड्याचा एकूण नफाच मोजायचा.

इतकं सगळं करून उत्तर धूसरच आलं. मग चाचणी वाया गेली का? मला तसं वाटत नाही. चाचणीआधी मावशीला भीती होती की २९९ ला दुकान बसेल. ८४० जणांपैकी १७ जणांनी २९९ देऊन पाकीट घेतलं, तेव्हा विक्री पार आटत नाही एवढं नक्की झालं. आणि २४ ला १७ म्हणजे १०० ला ७१, बरोबरीच्या ६२ च्या वर. खात्री नाही, पण कल तिकडे आहे.

उत्तर धूसर असतं तेव्हा चुकल्यास किती बसेल हे बघायचं. चार आठवड्यांत एकूण १,६८० लोक येतात, म्हणून वरचे आकडे दुप्पट करा. २९९ ठेवलं आणि ते चुकीचं निघालं तर सगळ्यात वाईट धरून महिन्याला दोन हजारांच्या आत तोटा. बरोबर निघालं तर तीन हजारांपर्यंत फायदा. आणि यात मावशीचे हात धरलेले नाहीत. जवळपास तेवढेच पैसे १७ पाकिटांत मिळतात की २४ पाकिटांत, याने तिला फरक पडतो. मसाला भाजून कुटायचा, वजन करायचं, पाउच सील करायचे, खोके बांधायचे. सात पाकिटं कमी म्हणजे तिच्या दोन दुपारी मोकळ्या.

विरुद्ध बाजूला एक जड गोष्ट आहे आणि ती चार आठवड्यांत दिसूच शकत नाही. पाव किलो गोडा मसाला एका घराला दोन-तीन महिने पुरतो. २४९ ला आलेली जास्तीची सात घरं पुन्हा पुन्हा मागवणारी निघाली तर त्यांचा नफा पुढच्या वर्षभरात येईल. म्हणून दोन्ही किमतींना नवीन आलेल्यांची नावं मावशीने वेगळी लिहून ठेवली आहेत. त्यातले किती परततात हे ऑक्टोबरच्या आधी कळणार नाही.

तुम्हाला करून बघायचं असेल तर किंमत बदलण्याआधी एक फुकटातली परीक्षा घ्या. मागच्या दोन महिन्यांच्या ऑर्डरी काढा, जेव्हा किंमत एकच होती. सम तारखेच्या एका बाजूला, विषम तारखेच्या दुसऱ्या बाजूला, आणि दोन्हींचा नफा मोजा. किंमत तीच असूनही फरक येईलच. मावशीच्या वहीत एप्रिल-मेच्या ऑर्डरींत तो ४०० रुपयांच्या वर आला, २७४ पेक्षा जास्त. सूत्र समजावताना तिला जे पटलं नव्हतं ते ही बेरीज स्वतःच्या हाताने केल्यावर क्षणात पटलं. तुमचं दुकान काही न करता जितकं हेलकावतं, त्याहून बराच मोठा फरक चाचणीत दिसला तरच त्याकडे लक्ष द्यायचं.

आम्ही २९९ ठेवलं, आठ आठवड्यांसाठी. तेवढ्या दिवसांत ३,३६० च्या आसपास लोक पान उघडतील. २४९ च्या दराने ९६ ऑर्डरी आल्या असत्या, त्यांचे १०० ला ६२ या हिशेबाने ५९ होतात. ५९ च्या बऱ्याच खाली, म्हणजे एक हेलकावा सोडून ५० च्या आसपास आलो, तर २४९ वर परत जायचं. मधे कुठे थोडं खाली-वर झालं तर हात लावायचा नाही. हा ५९ सुद्धा शेवटी त्या २४ ऑर्डरींवरच उभा आहे, हे मावशीला माहीत आहे. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर तिने आठव्या रविवारच्या चौकटीत "५०" लिहून त्याभोवती गोल केला आहे.